पायाडावरून हत्यारांची पाटी खाली आली, कुणाला लागलं नाही. रिपोर्टात कारण काय लिहू?

ओळंबा | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. कळंब्याच्या बाजूला एका साईटवर सुपरवायझर आहे. खाली पार्किंग, वर पाच मजले, गच्चीच्या कठड्यासकट उंची साडेअठरा मीटर. सध्या बाहेरून गिलावा चाललाय. पायाड कपलॉकचं, दोन-दोन मीटरचे टप्पे.

काल सकाळी अकराच्या सुमारास सहाव्या टप्प्यावरून, म्हणजे साधारण १२ मीटरवरून, हत्यारांची पाटी खाली आली. पाटीत एक सव्वा किलोची हातोडी, छन्नी, थापी आणि एक पाना. पाटी आणि थापी पायाडाच्या बुडाशीच पडली. छन्नी वाळूच्या ढिगात अशी रुतली की फक्त डोकं दिसत होतं. पाना पार्किंगच्या खांबापाशी मिळाला. हातोडी मात्र खालच्या कुठल्यातरी पाइपावर आपटून बाहेर उडाली आणि जिथं माल कालवतात त्या पत्र्यावर जाऊन पडली. पत्र्याला खोक पडलीय. तिथं दोघी मावशी सकाळपासून माल कालवत होत्या. दहा मिनिटं आधी चहाला गेल्या म्हणून वाचल्या.

मालकांचे इंजिनिअर म्हणाले, "लागलं नाही ना कुणाला? मग कागद कशाला वाढवतोस?" ठेकेदार म्हणाला, "लिही गवंड्याचा निष्काळजीपणा, पाचशे रुपये काप, विषय संपला." मला दोन्ही पटेना, म्हणून रात्री बसून हे लिहिलंय:

"दि. शनिवार, स. ११. पूर्व बाजू, सहावा टप्पा. गवंडी गिलाव्याचे काम करत असताना रस्त्यावरून मिरवणूक जात होती. हलगीच्या आवाजामुळे गवंड्याचे लक्ष विचलित होऊन त्याचा पाय पाटीला लागला व पाटी खाली पडली. कोणालाही इजा नाही. उपाय: कामगारांना काळजी घेण्याची समज दिली."

गवंडी विजापूरकडचा आहे, मराठी त्याला जेमतेम येतं. विचारलं तर घाबरून "हलगी, हलगी" एवढंच म्हणत होता, हात वर करून दाखवत होता. मिरवणूक त्या सकाळी खरंच होती. हे असं पाठवू का? काही राहिलंय का?

---

गंजका_खिळा | रविवार, रात्री ९:३२

भावा, रिपोर्ट मस्त झालाय, पाठवून दे. वीस वर्षं ठेकेदारी करतोय. हत्यार पडणं हा रोजचा खेळ आहे. फक्त "समज दिली" च्या जागी दंडाचा आकडा टाक. एकदा खिशाला कात्री लागली की पुढच्या वेळी पाटी बरोबर आत ठेवतात. आणि बाहेरून हिरवी जाळी लावून घे, म्हणजे पडलं तरी जाळीत अडकतंय.

---

पन्हाळ्याचा_पाऊस | रविवार, रात्री ९:४८

आमच्या सोसायटीत पण हेच झालं! रंगारी झोपाळ्यावर बसून रंगवत होता, त्याचा ब्रश आणि अर्धा डबा थेट माझ्या मिस्टरांच्या नव्या गाडीच्या टपावर. सेक्रेटरी म्हणतात गाडी तिथं लावायची नव्हती. नुकसानभरपाई कुणाकडून मागायची? रंगाचा डाग पॉलिशने जातो का?

---

आखाती_मुक्काम | रविवार, रात्री १०:१५

मी कागलचा. चौदा वर्षं आखातात सेफ्टीत काढली, आता परत आलोय. ओळंबा, तुम्ही लिहायला बसलात हेच पुष्कळ, पण हा रिपोर्ट पाठवू नका. यात पाटी कशी पडली ते कळतच नाही.

"लक्ष विचलित झालं" हे कारण म्हणून कुठंही बसतं, म्हणून त्यातून काही कळत नाही. माणसाचं लक्ष दिवसातून शंभरदा जातं, पाटी शंभरदा पडत नाही. मला हे सांगा: पाटी फळीवर नेमकी कुठं ठेवली होती? कुठल्या बाजूनं बाहेर गेली? त्या जागी कडेची उभी पट्टी होती का? हातोडी कुठल्या पाइपावर आपटली, आणि पायाडापासून किती लांब पडली? पाऊल, वीत, काहीही वापरा, पण मोजा. तिथली फळी कुणी हलवली नसेल तर उद्या हलवू देऊ नका आणि आधी फोटो काढा.

खिळेभाऊ, हिरवी जाळी धुळीसाठी आणि आडोशासाठी असते. थापी कदाचित अडकेल, पण सव्वा किलोची हातोडी बारा मीटरवरून येताना ती फाडून जाईल. वस्तू झेलायची जाळी वेगळी, जाड दोरीची, आणि तिला आधारही तसा लागतो. हिरव्या जाळीचा तोटा असा की वर काय चाललंय ते खालच्याला दिसत नाही, आणि आता आपण सुरक्षित आहोत असं त्याला वाटायला लागतं.

---

ओळंबा | रविवार, रात्री १०:२७

लांबी मोजलीय. पायाडाच्या बाहेरच्या उभ्या पाइपापासून हातोडी पडली ते अंतर ३.४ मीटर. आपटल्याची खूण दुसऱ्या टप्प्याच्या आडव्या पाइपावर सापडली, रंग उडालाय. पिवळी-काळी पट्टी आम्ही २ मीटरवर बांधली होती. मावशींचा पत्रा पट्टीच्या बाहेर होता.

म्हणजे त्या चुकीच्या जागी नव्हत्याच. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

---

आखाती_मुक्काम | रविवार, रात्री १०:४१

हेच रिपोर्टात सगळ्यात वर यायला हवं. दोघींनी नियम पाळला होता, तरी हातोडी त्यांच्या पत्र्यावर आली. म्हणजे पट्टी चुकीच्या जागी होती.

पट्टी बांधताना आपण धरून चालतो की वस्तू सरळ खाली येईल. मोकळ्या भिंतीवरून कदाचित येईल, पण पायाड म्हणजे आडव्या-उभ्या पाइपांचं जंगल. बारा मीटरवरून सुटलेली वस्तू चार मीटरवरच्या पाइपाला आपटली तेव्हा तिचा वेग सेकंदाला साडेबारा मीटर होता. आपटल्यावर यातला एक तृतीयांश वेग जरी आडवा वळला, तरी सेकंदाला चार मीटर. तिथून जमिनीवर यायला ०.९ सेकंद लागतात. चार गुणिले ०.९, म्हणजे ३.६ मीटर. तुमचे ३.४ याच्या अगदी जवळ आहेत. यात दैव वगैरे काही नाही, हातोडी तिथं जाणारच होती.

मोकळी पडली असती तर जमिनीवर वेग ताशी ५५ किलोमीटर, आणि वेळ दीड सेकंद. "ए, खाली बघा" म्हणायला तेवढा वेळ जातोच.

---

रंकाळ्याचा_कट्टा | रविवार, रात्री १०:५०

मावशींच्या डोक्यावर हेल्मेट होतं का? असतं तर काही झालं नसतं ना? प्रामाणिक प्रश्न.

---

आखाती_मुक्काम | रविवार, रात्री ११:०२

युरोपात हेल्मेटची चाचणी करताना ५ किलोचं वजन १ मीटरवरून त्याच्यावर सोडतात. तो धक्का साधारण ४९ जूलचा. ही हातोडी सरळ बारा मीटरवरून डोक्यावर आली असती तर जवळजवळ १४७ जूल, म्हणजे तिप्पट. पाइपावर आपटून आली म्हणून थोडी ऊर्जा तिथं गेली, पण त्या भरवशावर कुणाला उभं करू नये. हेल्मेट खडा, विटेचा तुकडा, जवळून सुटलेला पाना यांच्यासाठी ठीक. आणि छन्नीचा हिशेब तर जूलमध्ये करूच नका. टोकाची वस्तू हलकी असली तरी आरपार जाते. वाळूत डोक्यापर्यंत रुतली हे तुम्हीच लिहिलंय.

हेल्मेट घालायचंच. पण रिपोर्टात उपाय म्हणून फक्त तेवढंच लिहिलं, तर वरून येणारी हातोडी तुम्ही मान्य केल्यासारखं होतं.

---

गडहिंग्लजकर | रविवार, रात्री ११:२०

झोपायला निघालो होतो, पण "हलगी" वाचून थांबलो. आमच्या घरात निम्मं कन्नड चालतं.

अहो ओळंबा, विजापूरकडं हलगी म्हणजे फळी! वाजवायची हलगी नव्हे. तो गवंडी तुम्हाला सांगत होता की फळी, फळी. आणि हात वर करून दाखवत होता म्हणजे फळी वर उचलली गेली असणार. तुम्ही बिचाऱ्याला मिरवणुकीत नाचायला लावलंत.

---

ओळंबा | रविवार, रात्री ११:२४

आई शप्पथ.

---

थापी_रंधा | सोमवार, पहाटे ५:५५

मी स्वतः गवंडी आहे. मुलगी टाइप करून देते, कामावर जायच्या आधी. फळी उचलणं आम्हाला नवीन नाही. टोकाला पाय पडला की पलीकडचं टोक वर येतं. आम्ही पाय चाचपून टाकतो, पण गिलावा चढवताना नजर भिंतीवर असते, पायाकडे नसते.

सगळे विचारतात पाटी कडेला का ठेवली. दोन फळ्यांच्या चालीवर माणूस उभा राहणार, मालाची पाटी ठेवणार, पाण्याचं डबडं ठेवणार. हत्यारं कुठं ठेवायची, डोक्यावर? पाचशे रुपये कापणाऱ्यांनी एकदा वर येऊन उभं राहून दाखवावं.

---

गंजका_खिळा | सोमवार, सकाळी ८:१०

चिडू नका काका. पण दंड नसेल तर शिस्त येत नाही हे माझं मत कायम आहे. आणि सगळ्यांना हत्याराला दोरी बांधायला लावा. मनगटाला सुतळी, सुतळीला हातोडी. दहा रुपयांत काम. सुटली तर लोंबकळेल.

---

आखाती_मुक्काम | सोमवार, सकाळी ८:३५

दोरीची कल्पना बरोबर, सुतळी आणि मनगट दोन्ही चूक. सव्वा किलोची हातोडी मीटरभर पडून दोरीला हिसका देते तेव्हा तो हिसका वजनाच्या कितीतरी पट असतो. सुतळी तुटेल. नाही तुटली तर मनगट मुरगळेल, किंवा माणूस तोल जाऊन तिच्यामागं जाईल. थापीसारखं हलकं हत्यार तेवढं मनगटाला चालतं, तेही हत्यारासाठी बनवलेल्या ताणणाऱ्या पट्ट्याने. हातोडीसाठी कंबरपट्ट्याची कडी. आणि दोन किलोच्या वरचं काही असेल, उदाहरणार्थ ब्रेकर किंवा ग्राइंडर, तर माणसाला नाहीच, पायाडाच्या पाइपाला बांधायचं. हत्याराच्या दांड्याला पट्टा निसटू नये म्हणून भोक किंवा खाच लागते, नुसती गाठ गुळगुळीत दांड्यावरून सरकते.

थापीला पट्टा लावून गिलावा करता येतो का, हे मात्र थापी_रंधा यांनी सांगावं. मी तिथं तेलाच्या प्लांटवर फिटर बघितलेत, गवंडी नाहीत.

---

कोर्टकचेरी | सोमवार, सकाळी ११:४०

दोन गोष्टी, कारण वर कुणीतरी "लागलं नाही तर कागद कशाला" असं म्हटल्याचं आलंय.

बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याखालचे १९९८ चे केंद्रीय नियम काढून बघा. धोकादायक घटनांची एक यादी आहे, ज्यांची सूचना निरीक्षकाला द्यायची असते, मग कुणी मेलं किंवा अपंग झालं असो वा नसो. त्या यादीत उंचावरून वस्तू पडणं आहे. म्हणजे "इजा नाही" हे कळवायला न लागण्याचं कारण होत नाही. आता हा कायदा २०२० च्या नव्या संहितेत विलीन झालाय, तेव्हा अर्ज कोणत्या नमुन्यात द्यायचा ते कामगार खात्याच्या कार्यालयात विचारून घ्या.

दुसरं, त्याच नियमांत ४१ वा नियम आहे. पूर्ण झाल्यावर १५ मीटर किंवा जास्त उंच होणाऱ्या इमारतीच्या भोवती छत्रीसारखं छप्पर बांधायचं. रुंदी किमान २ मीटर, जमिनीपासून ५ मीटरच्या आतल्या उंचीवर, आणि बाहेरची कड आतल्यापेक्षा १५० मिलिमीटर उंच, म्हणजे पडलेली वस्तू बाहेर घरंगळण्याऐवजी आत येते. तुमची इमारत साडेअठरा मीटर आहे. छप्पर आहे का?

---

ओळंबा | सोमवार, दुपारी १:०५

छप्पर नाही. गेटवरून आत यायच्या वाटेवर तेवढे पत्रे टाकलेत. बाकी इंजिनिअर साहेबांचं म्हणणं असं की पाच मजल्यांना लागत नाही, ते टॉवरसाठी असतं.

सकाळी साईटवर गेलो. पूर्व बाजूचं काम थांबवलं. गडहिंग्लजकरांचं वाचून एका सेंट्रिंगवाल्या पोराला बरोबर घेतलं, त्याला कन्नड येतं. गवंड्याला म्हटलं, रागावत नाही, काय झालं ते वर चढून दाखव. मग त्यानं सगळं दाखवलं.

फळी ३८ मिलिमीटर जाडीची. शेवटच्या आडव्या पाइपाच्या बाहेर तिचं टोक ४६ सेंटिमीटर लोंबत होतं. बांधलेली नव्हती. तो उजवीकडच्या कोपऱ्याकडं सरकला, पाय त्या टोकावर पडला, पलीकडचं टोक वर आलं. पाटी त्याच टोकावर होती. तो दचकून मागं आला तशी फळी धाडकन खाली बसली आणि पाटी उडाली. त्या खणात कडेची पट्टी नव्हती. माल ओढून घ्यायला अडते म्हणून शुक्रवारी काढली होती, परत लावली नाही.

आता फळी तिथं का संपत होती? तिच्यापुढं अजून एक फळी असायला हवी होती. ती शुक्रवारी संध्याकाळी दक्षिण बाजूच्या टोळीनं नेली. कारण दोन्ही बाजूंना मिळून फळ्या कमी पडतात, हे मी महिन्यापूर्वी तोंडी सांगितलं होतं. लिहून दिलं नव्हतं. ही माझी चूक, ती पण लिहिणार आहे.

---

आखाती_मुक्काम | सोमवार, दुपारी १:३०

ओळंबा, शाब्बास. पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आलीय की नाही माहीत नाही, म्हणून स्पष्ट बोलतो. तुम्ही हत्यार पडल्याचा रिपोर्ट लिहिताय. त्या सकाळी माणूस पडणार होता.

हिशेब बघा. ६५ किलोचा माणूस पाइपाच्या बाहेर ४० सेंटिमीटरवर उभा. पलीकडं त्याला तोलायला काय आहे? तेरा-चौदा किलोची फळी, तिचंही मधलं वजन पाइपापासून मीटरभराच्या आतच, आणि टोकाला चार किलोची पाटी. तो तोल माणसाच्या बाजूला जातो. फळी उचलणारच. तो वेळेत मागं आला म्हणून पाटी खाली गेली. अर्धं पाऊल पुढं गेला असता तर फळीसकट तोच खाली होता. आमच्याकडं नियम असा की फळीचं टोक पाइपाबाहेर जाडीच्या चौपटीपेक्षा जास्त नको आणि ५० मिलिमीटरपेक्षा कमी नको. ३८ ची चौपट १५२. तुमचं ४६० होतं.

पाटी नसती आणि नुसती फळी हलली असती, तर त्यानं शिवी दिली असती आणि काम चालू राहिलं असतं. हातोडीनं आवाज केला म्हणून तुम्ही वर चढून बघितलंत.

---

थापी_रंधा | सोमवार, रात्री ८:२०

आखाती साहेबांचं बरोबर आहे. मी दोनदा असा वाचलोय. कुणाला सांगितलं नाही, सांगून काय, उद्या कामाला बोलवणार नाहीत.

थापीच्या पट्ट्याबद्दल: गिलावा मारताना मनगट सारखं फिरतं, पट्टा मालात बरबटतो, तासाभरात दगड होतो. तोडा मारताना चालेल, गिलाव्याला नाही चालणार. त्यापेक्षा चालीच्या आतल्या बाजूला, भिंतीकडं, एक खोल बालदी पाइपाला तारेनं बांधून द्या. हत्यार वापरलं की त्यात. वाकावं लागू नये अशा उंचीवर बांधा, नाहीतर कुणी टाकणार नाही. पाटी उथळ असते, जरा कलली की घसरते.

---

पन्हाळ्याचा_पाऊस | सोमवार, रात्री ८:४४

माझ्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही. असो. पण हे वाचून मी आज सेक्रेटरींना विचारलं की झोपाळ्याखाली लोकांची ये-जा का चालू आहे. ते म्हणाले, पट्टी बांधलीय ना. किती लांब, विचारल्यावर गप्प.

---

गंजका_खिळा | सोमवार, रात्री ९:०५

मावशी, ताज्या ऑइल पेंटला टर्पेंटाइन, पण आधी कोपऱ्यात करून बघा, गाडीचा मूळ रंग जाईल. वाळला असेल तर गॅरेजला न्या.

ओळंबा, फळीचं मी मान्य करतो. माझ्या साईटवर उद्या बघतो. पण निरीक्षकाला कळवायचा सल्ला मला पटत नाही. कळवलं की काम बंद, मजूर घरी, त्यांची मजुरी कोण देणार? ज्यानं कळवलं त्यालाच पुढच्या साईटवर कोण ठेवणार?

---

कोर्टकचेरी | सोमवार, रात्री ९:२२

कळवायची जबाबदारी मालक-ठेकेदारांची आहे, ओळंबा यांची नाही. त्यांनी लेखी रिपोर्ट देऊन पोच घ्यावी. उद्या याच कोपऱ्यात कुणी गेलं, तर पहिला प्रश्न "तुम्हाला माहीत होतं का" हाच येईल, आणि तो सगळ्यांना येईल.

---

ओळंबा | मंगळवार, रात्री १०:१०

नवीन रिपोर्ट असा झालाय. जुन्यापेक्षा फार लांब नाही.

"शनिवार, स. ११ वा., पूर्व बाजू, सहावा टप्पा, उंची १२ मी. गवंड्याचा पाय न बांधलेल्या फळीच्या टोकावर पडला. टोक आधाराच्या पाइपाबाहेर ४६ सेंमी होते. फळी उचलून खाली बसली व हत्यारांची पाटी (सुमारे ४ किलो) कडेची पट्टी नसलेल्या खणातून खाली पडली. सव्वा किलोची हातोडी दुसऱ्या टप्प्याच्या पाइपावर आपटून पायाडापासून ३.४ मी. वर, माल कालवण्याच्या पत्र्यावर पडली. हा पत्रा २ मी. अंतरावर बांधलेल्या पिवळ्या-काळ्या पट्टीच्या बाहेर होता. तेथे काम करणाऱ्या दोन महिला दहा मिनिटांपूर्वी चहासाठी गेल्या होत्या. इजा नाही. गवंडी स्वतः पडण्याचा धोका होता.

पुढची फळी शुक्रवारी सायंकाळी दक्षिण बाजूला नेण्यात आली होती. फळ्या अपुऱ्या असल्याचे मी तोंडी कळवले होते, लेखी नव्हते. कडेची पट्टी माल ओढण्यासाठी काढली, परत लावली गेली नाही. सायंकाळनंतर पायाडाची तपासणी झाली नाही."

खाली केलेलं आणि मागितलेलं वेगवेगळं लिहिलं. केलेलं: पूर्व बाजू बंद, सगळ्या फळ्यांची टोकं मोजून तारेनं बांधली, आणखी सात ठिकाणी टोक जास्त निघालं. पट्टी तूर्त ६ मीटरवर नेली, पत्रा इमारतीच्या मागं हलवला. फळी हलवायची तर मला विचारून, आणि रोज सकाळी चढण्यापूर्वी मी एक फेरी मारणार. मागितलेलं: चाळीस फळ्या, माल ओढायच्या खणात उघडझाप होणारी कडेची पट्टी, खोल बालद्या, आणि पूर्ण घेराला छप्पर.

गवंड्याचं नाव रिपोर्टात घातलं नाही, दंडही नाही. ठेकेदार त्यावरून नाराज आहे. फळ्या उद्या येतायत असं फोनवर सांगितलंय. छप्पराबद्दल साहेब म्हणाले, "बघू." पोच मागितली तर रिपोर्ट ठेवून घेतला, सही केली नाही. मी फोटो काढून मेलवर पाठवलाय.

---

आखाती_मुक्काम | मंगळवार, रात्री १०:३०

चांगला झालाय. एकच सुचवणी: "आणखी सात ठिकाणी" हे वाक्य खाली दडवू नका, वर घ्या. एका फळीची गोष्ट वाचून साहेब ती फळी बदलतील. आठ फळ्या वाचल्यावर त्यांना ऑर्डर द्यावी लागेल.

सहा मीटर तुमच्या प्लॉटमध्ये मावतंय का?

---

ओळंबा | मंगळवार, रात्री १०:४१

पूर्वेला नाही मावत. साडेचार मीटरवर कंपाउंड, पलीकडं बोळ, शाळेची पोरं जातात. म्हणून तर छप्पर मागतोय. तोपर्यंत त्या बाजूचा गिलावा बंद ठेवलाय, साहेब रोज दोनदा विचारतात कधी सुरू करणार.

आणि मावशी माझ्यावर चिडल्यात. नव्या जागेवरून पाण्याचा नळ लांब पडतोय. उद्या पाइप ओढून द्यायचाय.

---

गडहिंग्लजकर | मंगळवार, रात्री ११:०५

गवंड्याला विचारा, कन्नडमध्ये पाइपाला काय म्हणतात. पुढच्या रिपोर्टाच्या आधी माहीत असलेलं बरं.